प्राचीन म्हणे! आयरिश ‘क्रॅक’चं खरं वय

आयर्लंडविषयीचं कुठलंही पर्यटन-पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांतच ‘क्रॅक’ हा शब्द येतो आणि त्याच्या मागोमाग एक ठरलेलं वाक्य येतं: हा हजारो वर्षांपूर्वीचा गेलिक शब्द, मौज, बातमी आणि चांगली संगत हे सगळं एकाच वेळी सांगणारा, आणि म्हणून दुसऱ्या कुठल्याही भाषेत न सांगता येणारा. यातला मधला भाग खरा आहे. शब्दाला हे तिन्ही अर्थ आहेत. पण ‘हजारो वर्षांपूर्वीचा गेलिक’ हे साफ चूक आहे. ते इतक्या आत्मविश्वासानं आणि इतक्या वेळा सांगितलं जातं की खोडून काढायचाही कंटाळा यावा. डब्लिनमधल्या पबच्या पाट्यांवर ‘संगीत’ या अर्थाच्या आयरिश शब्दाशेजारी सी-आर-ए-आय-सी ही अक्षरं जुन्या वळणाच्या लिपीत रंगवलेली असतात. ती पाहणाऱ्याला हा शब्द संत पॅट्रिकच्या काळातला वाटला, तर त्याचा दोष नाही. पाटी रंगवणाऱ्याला तेच वाटायला हवं आहे.

वस्तुस्थिती अशी की शब्द मूळचा इंग्रजी आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘क्रॅक’ म्हणजे मोठमोठ्यानं बोलणं, बढाई मारणं. पुढे उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडमध्ये त्यातली बढाई ओसरली आणि ‘गप्पा’ एवढा अर्थ उरला. अठराव्या शतकात स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स हा शब्द याच अर्थानं वापरतो, आणि न्यूकॅसलकडची मंडळी आजही एकमेकांना ‘काय क्रॅक?’ असं विचारतात. त्यांचा गेलिकशी काडीचा संबंध नाही. आयर्लंडच्या उत्तरेला, म्हणजे अल्स्टरमध्ये, सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून स्कॉटिश वसाहतवाले मोठ्या संख्येनं येऊन राहिले. हा शब्द त्यांच्या बोलीत होता, आणि उत्तरेतल्या इंग्रजीत तो सी-आर-ए-सी-के असाच लिहिला जात होता. आयरिश भाषेनं तो विसाव्या शतकात उचलला. पारंपरिक आयरिश वर्णमालेत अठराच अक्षरं असतात आणि त्यांत ‘के’ नाही. त्यामुळे आयरिशमध्ये लिहिताना शेवट बदलून सी-आर-ए-आय-सी असं स्पेलिंग झालं. उच्चार होता तोच राहिला. मग 1970च्या दशकात शॉन बॉन ब्रानाख या निवेदकाच्या आयरिश भाषेतल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून ‘संगीत, गप्पा आणि क्रॅक’ ही घोषणा घरोघरी गेली, आणि हे आयरिश स्पेलिंग इंग्रजीत आलं. तरीही आयरिश गायक क्रिस्टी मूर यानं 1978च्या सुमारास गाजवलेल्या ‘आइल ऑफ मॅनमध्ये क्रॅक नव्वद होती’ या अर्थाच्या गाण्याच्या नावात स्पेलिंग जुनंच, इंग्रजी आहे.

एकाच शब्दात तीन अर्थ कसे, याचं उत्तरही या इतिहासातच आहे. त्यासाठी आयरिश स्वभावाचं गूढ वगैरे शोधत बसायची गरज नाही. सगळ्याचं मूळ बोलण्यात आहे. बोलण्यातून जे कळतं ती बातमी, बोलण्यातून जी मजा येते ती मौज, आणि ज्याच्याशी बोलताना ही मजा येते तो माणूस संगतीला चांगला. बेलफास्टमधलं रोजचं बोलणं घ्या. सकाळी कामावर भेटलेला सहकारी ‘काय क्रॅक?’ म्हणतो, तेव्हा तो हालहवाल विचारतोय, आणि काही घडलं नसेल तर ‘काही क्रॅक नाही’ हे सरळ, नम्र उत्तर आहे. त्यात उदास असं काही नाही. ‘त्या गाडीची काय क्रॅक आहे?’ या प्रश्नात मौजेचा मागमूस नाही. गाडी दुरुस्त झाली का, विकणार का, एवढंच विचारायचं आहे. ‘कालच्या लग्नात क्रॅक कशी होती?’ म्हटलं की मात्र बातमी बाजूला पडते आणि मजा आली का, हे विचारलेलं असतं. आणि ‘ती भारी क्रॅक आहे’ म्हणजे ती बाई बरोबर असली की वेळ छान जातो. कुठला अर्थ घ्यायचा हे शेजारच्या शब्दांवरून ठरतं, आणि ऐकणाऱ्याला तिथे अडखळायला होत नाही. दूरचित्रवाणीच्या त्या घोषणेतही एक खूण आहे. तिच्यात ‘गप्पा’साठी वेगळा शब्द आहे आणि ‘क्रॅक’ त्याच्या पुढे येते. म्हणजे तोवर शब्द नुसत्या गप्पांवरून मौजेकडे सरकला होता.

यावर एक आक्षेप हमखास येतो. बोलीतले शब्द लिहिले जात नाहीत, म्हणून जुन्या ग्रंथांत ‘क्रॅक’ सापडत नसेल, पण लोकांच्या तोंडी तो असेलच. आक्षेप ऐकायला बरा वाटतो, पण इथे टिकत नाही. आयरिशमध्ये हजार वर्षांहून जुनं लेखन आहे. शिवाय 1935 साली स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगानं खेड्यापाड्यांत फिरून म्हाताऱ्या माणसांचं बोलणं वहीत आणि ध्वनिमुद्रणात उतरवून घेतलं. शब्द खरोखर प्राचीन असता, तर एवढ्या नोंदींत जुन्या काळापासून कुठेतरी दिसला असता. आणि त्याची गरजही नव्हती. गंमत-विनोदासाठी ‘ग्रॅन’, संगतीसाठी ‘कुडॉख्ता’, बातमीसाठी ‘श्केल’ असे अस्सल शब्द भाषेत आहेतच. ‘काही श्केल?’ हा तर ‘काय खबर?’चा तंतोतंत जोड. गरज भागवणारे शब्द घरात असताना पाहुणा आला, एवढंच म्हणता येतं.

दुसरा आक्षेप उलट टोकाचा, आणि तो जाणकारांकडून येतो. कोशकार डर्मिड ओ म्युरिही यांनी ‘आयरिश टाइम्स’मधल्या आपल्या शब्दांविषयीच्या सदरात आयरिश स्पेलिंगवर जाहीर चीड व्यक्त केली होती. चांगल्या स्कॉटिश-इंग्रजी शब्दाला हिरवा झगा कशाला, असा त्यांचा रोख होता. व्युत्पत्तीच्या बाजूनं ते बरोबरच आहेत. पण त्यावरून ‘क्रॅक हा आयरिश शब्दच नव्हे’ इथवर जाणं मला पटत नाही. आयरिशमध्ये तो स्त्रीलिंगी आहे, आणि उपपद लागलं की व्याकरणाच्या नियमानं त्याच्या पहिल्या ‘क’चा ‘ख’ होतो. परक्या शब्दाला भाषा इतकं वाकवते, तेव्हा तो परका राहत नाही. ‘मजा’ फारसीतून आणि ‘खबर’ अरबीतून आली म्हणून त्यांना मराठीबाहेर कोण काढतं? आयरिश असणं आणि प्राचीन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा घोळ त्या एक धरल्यामुळे झाला आहे.

बाकीचे गैरसमज किरकोळ. कोकेनच्या ‘क्रॅक’शी गल्लत नको म्हणून स्पेलिंग बदललं, हे खोटं: त्या अमली पदार्थाला हे नाव 1980च्या दशकात पडलं, आयरिश स्पेलिंग त्याआधीचं आहे. दारूशिवाय क्रॅक नाही, हेही खोटं: स्वयंपाकघरात चहाच्या कपावर ती तितकीच होते. ‘क्रॅक नव्वद’ म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हेत, ‘धमाल आली’ इतकंच.

तेव्हा आयर्लंडवर लिहिणाऱ्यांना एकच विनंती. स्पेलिंग हवं ते ठेवा, तीन अर्थांचं कौतुकही खुशाल करा, पण ‘प्राचीन गेलिक’ हे विशेषण छापण्याआधी खोडा.