धूसर फोटोत काय लपतं, काय हरवतं

इमेज प्रोसेसिंगच्या तासाला हिस्टोग्राम, फिल्टर आणि कडा हे तीन विषय बहुधा तीन वेगळ्या दिवशी शिकवले जातात. प्रत्येकाच्या स्लाइडवर फोटोही वेगळा असतो: डावीकडे आधीचा, उजवीकडे नंतरचा. नंतरचा नेहमी छान दिसतो. त्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न तसाच राहून जातो. एखादा फोटो खरोखरच बिघडला असेल, तर या तिघांपैकी कोण काय दुरुस्त करतं आणि कशाला कोणाचाच इलाज चालत नाही? ते कळायचं तर तिन्ही स्लाइड एकाच फोटोवर लावून पाहाव्या लागतात.

समजा, महाबळेश्वरच्या एसटी स्टँडवर पहाटेच्या धुक्यात कुणीतरी गाडीच्या पाटीचा मोबाइलवर फोटो काढला. पाटी काळी, अक्षरं पांढरी. फोकस नेमका मागच्या भिंतीवर लागला. आता गाडी वाईची की साताऱ्याची, हे फोटोवरून सांगता येत नाही. फोटो ‘ब्लर’ आला, असं आपण एका शब्दात म्हणतो. पण इथे दोन वेगळे बिघाड एकमेकांत मिसळले आहेत. धुक्यामुळे रंग फिके पडले आणि फोकस चुकल्यामुळे अक्षरांच्या कडा पसरल्या.

फोटो राखाडी करून घेतला की प्रत्येक पिक्सेल म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. कोणता आकडा किती वेळा आला, याचा स्तंभालेख म्हणजे हिस्टोग्राम. आपल्या फोटोत सगळे स्तंभ ७० ते १४० या पट्ट्यात दाटीवाटीने उभे आहेत, दोन्ही बाजूंना रिकामी जागा आहे. धुकं ओळखण्याची ही हमखास खूण. खरा काळा नाही, खरा पांढराही नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक आकड्यातून ७० वजा करायचे आणि उरलेल्याला २५५/७० ने, म्हणजे सुमारे ३.६ ने, गुणायचं. ७० चा ० होतो, १४० चा २५५. फोटो एकदम उजळतो, पाटी काळी आणि अक्षरं पांढरी दिसू लागतात. नवी माहिती मात्र कणभरही आलेली नसते. मूळ फोटोत जास्तीत जास्त ७१ छटा होत्या. त्याच आता २५६ जागांवर पांगल्या. नवा हिस्टोग्राम काढला तर तो दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसतो. एखाद्या फोटोवर असा हात फिरला आहे का, हे त्यावरूनच ओळखता येतं.

हिस्टोग्रामची एक मोठी मर्यादा विद्यार्थ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. कोणता पिक्सेल कुठे आहे, हे त्याला ठाऊकच नसतं. फोटोतले सगळे पिक्सेल हवे तसे विस्कटून टाकले तरी हिस्टोग्राम तोच राहील. म्हणून धुक्याचा हिशेब त्याला जमतो, पसरलेल्या कडेचा जमत नाही.

त्यासाठी पाटीवरून अक्षरात शिरणारे ओळीतले सहा पिक्सेल जवळून पाहू. मूळ फोटोत ते असे आहेत: ८१, ८१, ९६, ११०, १२५, १२५. छटा ताणल्यावर होतात ४०, ४०, ९५, १४६, २००, २००. फोकस नीट असता तर ४० नंतर थेट २०० आला असता, एकाच उडीत. इथे तीच चढण तीन पायऱ्यांत झाली आहे.

कडा शोधणं म्हणजे शेजाऱ्यांमधला फरक मोजणं. सोबेलची पद्धत हेच काम वरच्या-खालच्या ओळींनाही हिशेबात धरून करते. अर्विन सोबेल आणि गॅरी फेल्डमन यांनी ती १९६८ मध्ये स्टॅनफर्डला मांडली. आपल्या ओळीत ताणण्याआधीचे फरक १५, १४, १५ होते; ताणल्यावर ५५, ५१, ५४ झाले. फरक वाढले, पण पायऱ्या तीनच राहिल्या. कडेची उंची वाढली, रुंदी तसूभरही कमी झाली नाही.

इथेच पुष्कळदा फसगत होते. फोटो किती स्पष्ट आहे, हे मोजणारी एक लोकप्रिय चाचणी कडांच्या फरकांचे फरक काढून त्यांचं विचरण मोजते. आकडा मोठा आला की फोटो स्पष्ट, असा तिचा निवाडा. नुसत्या छटा ताणल्या तरी हा आकडा ३.६ च्या वर्गाने, म्हणजे सुमारे १३ पट, वाढतो. फोकस होता तिथेच असतो. म्हणून दोन फोटोंची तुलना करताना आधी त्यांची छटांची व्याप्ती सारखी आहे का, हे बघावंच लागतं.

आता फिल्टर. मोबाइलमधलं ‘शार्पन’ बटण बहुधा ज्या पद्धतीवर चालतं, तिची सुरुवात उलटीच वाटेल: फोटो आणखी धूसर करायचा. आपल्या ओळीत प्रत्येक पिक्सेलच्या जागी तो आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी घेतली, तर ४०, ५८, ९४, १४७, १८२, २०० मिळतात. हे आकडे आधीच्या ओळीतून वजा करायचे आणि आलेला फरक त्या ओळीतच मिळवायचा. हाती येतं ४०, २२, ९६, १४५, २१८, २००.

मधली चढण अजून जवळपास तशीच आहे. पण तिच्या अलीकडे ४० पेक्षा काळा २२ आला आणि पलीकडे २०० पेक्षा पांढरा २१८ आला. पाटीवर या छटा कुठेच नव्हत्या. डोळ्याला कड धारदार वाटते ती या दोन खोट्या रेघांमुळे. बटण जास्त दाबलं की अक्षराभोवती जी पांढरी प्रभा दिसते, ती हीच. रेघा जवळजवळ असतील, तर या प्रभा एकमेकींत मिसळून भलताच आकार तयार होतो. गाडीच्या नंबरातल्या ३ आणि ८ बद्दल अशा फोटोवरून छातीठोक बोलू नये, ते यासाठी.

कमी उजेडातल्या फोटोत दाणेही असतात. मूळ फोटोतली दोन आकड्यांची थरथर ताणल्यावर सातवर जाते आणि शार्पनिंग ती आणखी वाढवतं. म्हणून जॉन कॅनी यांच्या १९८६ च्या प्रसिद्ध पद्धतीत कडा शोधण्याआधी फोटो थोडा गुळगुळीत केला जातो. खोट्या कडा गळतात, पण त्यांच्याबरोबर काही बारीक खऱ्या कडाही जातात. हा व्यवहार टळत नाही.

मग पसरलेली कड खरोखर मागे आणताच येत नाही का? येते, पण ती कशी पसरली हे अचूक माहीत असलं तरच. हबल दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली आणि तिचे फोटो धूसर आले. तिच्या २.४ मीटरच्या आरशाची कड अवघे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासली गेली होती. एका ताऱ्याचा ठिपका नेमका कसा पसरतो, हे मोजता येत होतं. त्यामुळे विल्यम रिचर्डसन आणि लिऑन लुसी यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या गणिताने शास्त्रज्ञांनी तो पसारा बऱ्याच अंशी उलट फिरवला. ठळक ताऱ्यांना त्याचा फायदा झाला. फिकट वस्तू मात्र दाण्यांत बुडालेल्याच राहिल्या. त्या दिसू लागल्या त्या डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी सुधारणा करणारी उपकरणं बसवल्यानंतरच.

पाटीच्या फोटोला असा मोजलेला तारा नसतो. म्हणून त्याची मूळ फाइल जपणं हाच शहाणपणा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, आणि जेपीईजीचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन शार्पन करताना कडा म्हणून वर येतात. एखादा फोटो वाचून घेण्यासाठी कुणाला पाठवायचा असेल, तर तो न सजवता, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.