फाइल अडली कुठे?

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी हौसेने सांभाळतो. जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं ग्रंथपाल बाईंनी चढवावीत म्हणून तिथे एक साधा फॉर्म केला होता: अंकाचं नाव, वर्ष आणि पीडीएफ. पहिल्याच दिवशी त्यांचा फोन आला. पांढऱ्या पानावर काहीतरी इंग्रजी आलंय, खाली nginx असं लिहिलंय. पानावरची ओळ ही होती:

```
413 Request Entity Too Large
```

एन्जिन-एक्स हा वेब सर्व्हर. इगोर सिसोएव या रशियन प्रोग्रॅमरने २००२ च्या सुमारास तो लिहायला घेतला आणि २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केला. अनेक वेबसाइटींवर तो दारावरच्या वॉचमनसारखा उभा असतो. आलेली मागणी आधी तो घेतो, मग आतल्या प्रोग्रॅमकडे पाठवतो. आमच्याकडे आत पीएचपी होतं. ४१३ हा वेबच्या ठरलेल्या संकेतांपैकी एक क्रमांक आहे आणि त्याचा अर्थ ‘पाठवलेला ऐवज फार मोठा आहे’ असा. त्याचं अधिकृत इंग्रजी नाव आजवर दोनदा बदललं, पण एन्जिन-एक्सच्या पानावर १९९९ सालच्या नियमावलीतलंच नाव राहिलं आहे.

बाईंची फाइल ८.७ एमबीची होती. एन्जिन-एक्सला आपण काही सांगितलं नसेल, तर तो १ एमबीच्या वर काहीही घेत नाही. आजच्या मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा त्यात सहसा बसत नाही. तरीही मर्यादा असण्यामागे कारण आहे. आलेला मजकूर तो आतल्या प्रोग्रॅमला देण्याआधी स्वतः पूर्ण उतरवून घेतो आणि मोठा असेल तर डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत ठेवतो. मर्यादाच नसेल, तर कुणीही वीस-वीस जीबी ओतून डिस्क भरून टाकेल. म्हणून मर्यादेच्या जागी शून्य लिहून ती काढून टाकण्याचा सल्ला मला कधीच पटला नाही.

गंमत अशी की नकार द्यायला त्याला फाइल वाचावीही लागत नाही. एकूण किती बाइट येणार आहेत, हे ब्राउझर आधीच कळवतो. तो आकडा पाहूनच वॉचमन ‘नाही’ म्हणतो आणि आपल्या नोंदवहीत, म्हणजे एरर लॉगमध्ये, लिहून ठेवतो:

```
client intended to send too large body: 9121208 bytes
```

इकडे ब्राउझर मात्र फाइल ढकलतच असतो. त्यामुळे कधीकधी ४१३ चं पान दिसतच नाही, ‘कनेक्शन तुटलं’ एवढंच दिसतं आणि माणूस वायफायला शिव्या घालत बसतो.

मी एन्जिन-एक्सच्या सेटिंगमध्ये ही ओळ घातली, `nginx -t` ने तपासून घेतलं आणि `nginx -s reload` केलं:

```
client_max_body_size 12m;
```

काम झालं असं समजून मी चहा ठेवला. चहा उकळायच्या आत पुन्हा फोन.

“अहो दादा, आता ते इंग्रजी गेलं. पण म्हणतंय, अंकाचं नाव लिहा. नाव तर मी लिहिलंय!”

मी फॉर्म तपासला, कोड तपासला, सगळं ठीक. स्वतः १ एमबीची पीडीएफ चढवली तर सुरळीत गेली. त्यांचीच फाइल घेतली आणि मलाही तेच उत्तर मिळालं: नाव लिहा, वर्ष लिहा. भरलेला फॉर्म आत पोचेपर्यंत कोरा झाला होता.

इथे दुसरा पहारेकरी भेटतो. पीएचपीची स्वतःची एक मर्यादा आहे, `post_max_size`, आणि ती मुळात ८ एमबी असते. ती एका फाइलीची नसून सगळ्या फॉर्मची असते. ती ओलांडली की पीएचपी भांडत नाही, थांबत नाही. फॉर्ममधला सगळा मजकूर फेकून देतं आणि रिकामा फॉर्म आपल्या प्रोग्रॅमच्या हाती ठेवतं. प्रोग्रॅम बिचारा प्रामाणिकपणे म्हणतो, नाव लिहा. खरं कारण फक्त पीएचपीच्या लॉगमध्ये सापडतं. तिथे ९१ लाख २१ हजार बाइट हा तोच आकडा होता आणि पुढे ८३ लाख ८८ हजार ६०८ ही मर्यादा, म्हणजे बरोब्बर ८ एमबी. मला ४१३ परवडला. तो निदान स्वतःचं नाव तरी सांगतो.

ती मर्यादा वाढवली, तर तिसरी वाट अडवून उभी. `upload_max_filesize` ही एकेका फाइलीची मर्यादा मुळात २ एमबी असते. या वेळी नाव आणि वर्ष व्यवस्थित पोचले, फाइल मात्र नाही. तिच्या जागी त्रुटी क्रमांक १ होता. ही त्यातल्या त्यात सभ्य अडवणूक, कारण तो क्रमांक वाचून आपला प्रोग्रॅम मराठीत नीट निरोप देऊ शकतो.

शेवटी `php.ini` मध्ये असं ठेवलं:

```
upload_max_filesize = 10M
post_max_size = 11M
```

चढता क्रम मुद्दाम आहे: फाइल १०, फॉर्म ११, दारावर १२. फाइलीसोबत नाव, वर्ष आणि मजकूर वेगळा करणाऱ्या खुणाही जातात, म्हणून बाहेरची मर्यादा आतल्यापेक्षा थोडी सैल हवी. म्हणजे फाइल थोडीच मोठी असेल, तर नकार सगळ्यात आतून येतो, जिथून समजेल अशा भाषेत बोलता येतं.

या दोन ओळींत पाय घसरण्याच्या दोन जागा आहेत. `10M` ऐवजी `10MB` लिहिलंत, तर पीएचपी त्याचा अर्थ १० बाइट असा लावतं. तीच चूक एन्जिन-एक्समध्ये केली तर `nginx -t` लगेच ओरडतो. दुसरं म्हणजे कमांड लाइनवर `php -i` जे आकडे दाखवतं, ते बहुधा वेबसाइटला लागू नसतात. वेबसाइटचं पीएचपी वेगळी `php.ini` वाचतं आणि बदलानंतर ती सेवा पुन्हा सुरू करावी लागते. माझा अर्धा तास इथेच गेला.

फाइल कुठे अडली हे ओळखायला मी आता एकच गोष्ट करतो. हव्या त्या आकाराची पोकळ फाइल तयार करून पाठवतो आणि शेवटची नोंद कुणाच्या लॉगमध्ये आहे ते पाहतो.

```
truncate -s 9M chachani.pdf
```

एन्जिन-एक्सच्या लॉगमध्येही काही नसेल, तर अडवणारा आपल्या सर्व्हरच्या बाहेर आहे. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा पुढे उभी असेल, तर तिच्या मोफत योजनेत १०० एमबीची सीमा असते आणि तिथला ४१३ आपल्या सेटिंगने हलत नाही.

एक काम राहिलं होतं, ते दुसऱ्या दिवशी केलं. १२ एमबीच्या वरची फाइल अजूनही दारावर अडून ते पांढरं पान दाखवणारच होती. म्हणून फाइल निवडताक्षणी ब्राउझरमध्येच आकार मोजून ‘ही फाइल १० एमबीपेक्षा मोठी आहे’ असं सांगणाऱ्या चार ओळी फॉर्ममध्ये घातल्या. दारावरचा पहारा तसाच ठेवला, कारण ब्राउझरमधली तपासणी कुणीही चुकवू शकतो.

पुढच्या आठवड्यात बाईंनी सहाशे डीपीआयवर स्कॅन केलेला अंक चढवायला घेतला. निरोप मराठीत आला. मला फोन न करता त्यांनी स्कॅनर दोनशेवर आणला आणि अंक चढवला.