शेवटचं कडवं गाळू नका

27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. हाच मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. त्याआधी सहा दिवस, 21 फेब्रुवारीला, आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन येतो. दोन्ही दिवसांना कार्यालयांत गाण्यांचा कार्यक्रम ठरतो आणि बहुतेक ठिकाणी महाराष्ट्रगीतांवर निभावून नेलं जातं. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ 2023 पासून राज्यगीत आहे. सुरुवातीला उभं राहून ते जरूर म्हणावं, पण ते गाणं भूमीचं आहे. भाषेची गाणी वेगळी आहेत, आणि त्यांत कौतुकाच्या जोडीला तक्रारही आहे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला त्यांतली तीन पुरतात.

पहिली निवड ज्ञानेश्वरीची. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानदेव आपल्या मराठी बोलाची अमृताशी पैज लावतात. पुढे तर ते म्हणतात की हे शब्द ऐकताना कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांची आपसात भांडणं लागतील. 1290 च्या सुमारास, गीतेचा अर्थ संस्कृत न येणाऱ्यांपर्यंत पोचवताना केलेला हा दावा आहे. म्हणून यात कौतुकाइतकीच हिंमतही दिसते. या ओव्यांना वाद्यं नकोत. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा तोकडा असतो. त्या तोकड्या चरणावर थांबून मगच पुढची ओवी घेतली, की श्रोत्यांना अर्थ लागायला उसंत मिळते. स्पष्ट उच्चाराची एक व्यक्ती आणि चार-पाच ओव्या, एवढं बस्स.

दुसरी निवड माधव ज्युलियन यांची मायबोलीवरची कविता. आज ती म्हणताना एक अडचण येते. पहिल्याच ओळीत कवी सांगतो की मराठी आज राजभाषा नाही. ऐकणारा बुचकळ्यात पडतो, कारण राजभाषेचा कायदा तर 1964 सालीच झाला. माधव ज्युलियन 1939 मध्ये गेले, तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. निवेदकाने एवढं एक वाक्य आधी सांगितलं, की कवितेतली खंत आणि जिद्द दोन्ही पोचतात. ही कविता सुमंदारमाला वृत्तात आहे. ‘लगागा’ सात वेळा आणि शेवटी ‘लगा’, म्हणजे एका ओळीत तेवीस अक्षरं. नवख्यांचा दम इथेच तुटतो आणि श्वास भलत्याच शब्दात घेतला जातो. बाराव्या अक्षरानंतर, म्हणजे चार ‘लगागा’ संपल्यावर, सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा असं आधीच ठरवावं.

तिसरी निवड सुरेश भटांच्या कवितेची. कौशल इनामदार यांच्या चालीतलं ‘मराठी अभिमानगीत’ ते हेच. मुंबईतल्या एका एफएम वाहिनीवर मराठी गाणी वाजवत नाहीत, या अनुभवातून इनामदारांनी हे काम हाती घेतलं. चारशेहून अधिक गायकांच्या आवाजात ते 2010 साली प्रकाशित झालं. ध्वनिमुद्रणात ओळी वेगवेगळ्या गायकांना वाटून दिल्या आहेत, आणि हीच युक्ती कार्यालयात उपयोगी पडते. समजा, आठ जण आहेत, चार बायका आणि चार पुरुष. सगळ्यांनी सगळं गायचं म्हटलं की पट्टीचा घोळ होतो. बायकांना सोयीची पट्टी पुरुषांना फार वर जाते आणि पुरुषांची घेतली तर बायकांचा आवाज खर्जात बुडतो. म्हणून ओळी ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे वाटाव्यात आणि ध्रुवपद तेवढं सगळ्यांनी मिळून म्हणावं. पट्टी ठरवताना मुखडा गाऊन भागत नाही. चालीतली सर्वांत वरची जागा आधी म्हणून पाहावी. तिथे मान ताणली जात असेल किंवा आवाज किंचाळल्यासारखा येत असेल, तर पट्टी एक सूर उतरवावी. बाजारात मिळणारा कराओके ट्रॅक बहुधा मूळ गायकांच्या पट्टीत असतो. तो उतरवता येत नसेल, तर नुसती पेटी आणि तबला बरा.

या गीतात आणखी एक धोका आहे. कवितेचं शेवटचं कडवं गौरवाचं नाही. असंख्य पाहुण्यांना पोसणारी मराठी स्वतःच्या घरात हाल सोसते, असं ते सांगतं आणि अखेर सत्तेलाही इशारा देतं. 2018 मध्ये विधानभवनातल्या कार्यक्रमात हे कडवं गायलं गेलं नाही, म्हणून वाद पेटला होता. कार्यालयांतही वेळ कमी पडला की कात्री याच कडव्यावर चालते. साहेबांना आवडणार नाही, ही धास्तीही असतेच.

ज्ञानदेव, माधव ज्युलियन आणि सुरेश भट या तिघांनीही मराठीचं कौतुक केलं ते तिचं स्थान डळमळीत दिसत असताना. तो संदर्भ काढून टाकला तर उरते ती नुसती आरती. तेव्हा वेळ कमी असेल तर मधलं एखादं कडवं सोडा, पाहुण्यांचं भाषण पाच मिनिटांनी आटोपतं घ्या, पण शेवटचं कडवं म्हणाच.