केस स्टडीचं पान: समस्या, प्रक्रिया, निष्पत्ती

डिझाइनच्या विद्यार्थ्याच्या पोर्टफोलिओतलं केस स्टडीचं पान बहुधा दोनदा वाचलं जातं. पहिल्यांदा निवड करणारा ते भराभर खाली सरकवतो. शीर्षकं, चित्रं आणि चित्रांखालच्या ओळी एवढंच नजरेत भरतं. त्यात काही सापडलं तरच मजकूर वाचला जातो. त्यामुळे मांडणी आधी या भरभर नजरेसाठी करावी लागते.

समजा, एका विद्यार्थिनीने तालुक्याच्या एसटी स्थानकातला वेळापत्रकाचा फलक नव्याने रचला आहे. पानाच्या माथ्यावर तयार फलकाचं मोठं चित्र यावं. त्याखाली काम काय होतं ते दोन ओळींत, मग कालावधी आणि तिची भूमिका. काम गटाचं असेल तर स्वतःचा वाटा इथेच सांगून टाकावा.

समस्या लिहिताना ‘जुना फलक आकर्षक नव्हता’ हे वाक्य कामाचं नाही. ‘फलकासमोर उभे राहूनही प्रवासी चौकशीच्या खिडकीकडे वळतात, कारण गाड्या सुटण्याच्या वेळेनुसार लावल्या आहेत आणि प्रवासी शोधतात गावाचं नाव’ ही समस्या झाली. शेजारी जुन्या फलकाचा फोटो हवा, अडचणीच्या जागी खूण केलेला.

सर्वाधिक घोळ होतो तो प्रक्रियेच्या भागात. वर्गात शिकवलेल्या पायऱ्या ओळीने लावल्या जातात, रंगीत चिठ्ठ्यांनी भरलेल्या भिंतीचा फोटो येतो आणि त्या चिठ्ठ्यांवरचं अक्षरही लागत नाही. त्यातून मेहनत दिसते, विचार दिसत नाही. दाखवायची असतात ती दोन-तीन वळणं. पहिल्या कच्च्या रेखाटनात गावं मार्गानुसार गटांत मांडली होती, पण आपलं गाव कोणत्या मार्गावर येतं हे प्रवाशांना सांगता येईना. म्हणून दुसऱ्या रेखाटनात नावं अकारविल्हे लावली. ही दोन्ही रेखाटनं शेजारी-शेजारी ठेवून खाली कारण एका ओळीत लिहिलं, की घाईतल्या वाचकालाही निर्णय कळतो. फसलेलं रेखाटन लपवू नये. दुसऱ्याला अर्थ त्याच्यामुळेच येतो.

मजकुराचा स्तंभ अरुंद, साधारण ६०० ते ७०० पिक्सेलचा, आणि चित्रं त्याहून रुंद ठेवली की वाचन सोपं जातं. मराठी मजकुरात वर वेलांट्या आणि खाली उकार येतात. तेव्हा दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडं जास्त धरावं.

निष्पत्तीत पुरावा लागतो. पाच प्रवाशांना जुना आणि नवा फलक दाखवून ठरावीक गाव शोधायला सांगितलं आणि चौघांना नव्यावर ते लवकर सापडलं, तर ‘पाचपैकी चौघांना’ असंच लिहावं. एवढ्याशा चाचणीवर ‘८० टक्के’ लिहिणं ही फुगवाफुगवी. फलक प्रत्यक्ष लागला नसेल आणि चाचणी कागदी नमुन्यावर झाली असेल, तर तेही नमूद करावं. वाचता न येणाऱ्या प्रवाशाची अडचण तशीच राहिली, हेही निष्पत्तीतच येतं. संगणकावर भिंतीला चिकटवलेल्या फलकाचं देखणं चित्र म्हणजे निष्पत्ती नव्हे.