आठ गावे, बारा हजार माणसांची रांग

समजा, एका भागात आठ गावे आहेत. सगळ्यांत मोठ्या बाजारगावात ४,२०० माणसे राहतात, सगळ्यांत लहान पठारवाडीत १५०. (गावांची नावे आणि आकडे उदाहरणापुरते आहेत.) आठांपैकी तीन गावे निवडायची, प्रत्येक गावातून वीस माणसांना भेटायचे आणि त्यावरून साऱ्या भागाची प्रकृती कशी आहे ते सांगायचे, असे काम आपल्याकडे आले आहे.

पहिल्यांदा सुचते ते आठ चिठ्ठ्या टाकून तीन उचलण्याचे. प्रत्येक गावाला सारखी संधी मिळाली, म्हणून हा न्याय वाटतो. पण गावाच्या जागी माणूस ठेवून पाहा. पठारवाडी निघाली तर तिथल्या १५० जणांतून वीस जण घ्यायचे. बाजारगाव निघाले तर ४,२०० जणांतून वीस. म्हणजे पठारवाडीच्या माणसापर्यंत आपण पोहोचण्याची शक्यता बाजारगावच्या माणसाच्या २८ पट झाली. गावांना सारखे वागवताना माणसांना फार विषम वागवले गेले. पठारवाडीचे पाणी वाईट असेल, तर साऱ्या भागाचे पोट बिघडले आहे असे आपला अहवाल सांगू लागेल.

म्हणून गावाला त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात संधी द्यायची. हे कागद-पेन्सिलीने करण्याची सगळ्यांत सरळ रीत चढत्या बेरजेची. बँकेच्या पासबुकात प्रत्येक नोंदीपुढे तोवरची शिल्लक असते, तशी इथे प्रत्येक गावापुढे तोवरची एकूण लोकसंख्या लिहायची.

| गाव | लोकसंख्या | चढती बेरीज | गावाच्या वाट्याचे क्रमांक |
|---|---|---|---|
| वरवाडी | ६४० | ६४० | १ ते ६४० |
| पिंपळगाव | १,८५० | २,४९० | ६४१ ते २,४९० |
| धनगरवस्ती | ३२० | २,८१० | २,४९१ ते २,८१० |
| बाजारगाव | ४,२०० | ७,०१० | २,८११ ते ७,०१० |
| खडकी | ९१० | ७,९२० | ७,०११ ते ७,९२० |
| पठारवाडी | १५० | ८,०७० | ७,९२१ ते ८,०७० |
| नदीकाठ | २,६३० | १०,७०० | ८,०७१ ते १०,७०० |
| माळेवाडी | १,३०० | १२,००० | १०,७०१ ते १२,००० |

या तक्त्याकडे बघताना मी नेहमी एक रांग डोळ्यांपुढे आणतो. आधी वरवाडीची सगळी माणसे उभी आहेत, त्यांच्यामागे पिंपळगावची, मग धनगरवस्तीची, अशी एका ओळीत बारा हजार माणसे. आपण १ ते १२,००० मधला कोणताही एक अंक उचलतो तेव्हा खरे तर या रांगेतल्या एका माणसावर बोट ठेवतो आणि तो ज्या गावचा असेल ते गाव निवडतो. बाजारगावची रांग लांब, म्हणून बोट तिथे पडण्याचा संभव जास्त. पण ७,९५५ हा अंक आला तर निवड पठारवाडीचीच होणार. लहान गावाची संधी कमी होते, संपत नाही.

अंकावरून गाव शोधण्याचा नियम एकच. वरून खाली येत जायचे आणि ज्या गावाची चढती बेरीज त्या अंकाइतकी किंवा त्याहून जास्त असेल, तिथे पहिल्यांदा थांबायचे. २,४९० आला तर पिंपळगाव, २,४९१ आला तर धनगरवस्ती. चूक होते ती अशा सीमेवरच, किंवा अंकांची सुरुवात एकऐवजी शून्यापासून केल्याने. बेरजेतली चूक ओळखायला शेवटचा आकडा पुरतो: तो जनगणनेत छापलेल्या एकूण लोकसंख्येशी जुळायलाच हवा. नाही जुळला, तर एखादे गाव सुटले आहे किंवा दोनदा आले आहे.

तीन गावांसाठी तीन वेगवेगळे अंक उचलता येतात. अमेरिकेतल्या हॅन्सेन आणि हुर्विट्झ यांनी १९४३ साली या विषयावरचा पायाभूत लेख लिहिला, तो अशाच स्वतंत्र उचलींवर उभा आहे. त्या रीतीत तेच गाव पुन्हा येऊ शकते. प्रत्यक्ष पाहणीत मात्र बहुतेक वेळा ठरावीक अंतराने चालतात. १२,००० ला तीनने भागले की ४,००० हे अंतर मिळते. १ ते ४,००० मधला एकच अंक यादृच्छिकपणे घ्यायचा आणि पुढे चार-चार हजारांची उडी मारायची. समजा १,३७२ आला. तो पिंपळगावात पडतो. ५,३७२ बाजारगावात, ९,३७२ नदीकाठात. झाली तीन गावे. यादीत शेजारची गावे शेजारी लिहिलेली असतील, तर ही उडी सगळ्या भागावर आपोआप पसरते. यादीचा क्रम म्हणूनच अंक काढण्याआधी ठरवायचा, नंतर हलवायचा नाही.

आता माणसाला काय मिळाले ते पाहू. पिंपळगाव निघण्याची शक्यता १,८५० भागिले ४,०००. गाव निघाल्यावर त्यातल्या एकाची पाळी येण्याची शक्यता २० भागिले १,८५०. दोन्हींचा गुणाकार करताना १,८५० वर आणि खाली येऊन उडून जातो आणि उरते २० भागिले ४,०००, म्हणजे दोनशेत एक. पठारवाडीसाठी हेच करा: १५० उडून जातो, उरते तेच दोनशेत एक. मोठ्या गावाला पहिल्या टप्प्यात मिळालेला फायदा दुसऱ्या टप्प्यात नेमका फिटतो. शिवाय प्रत्येक गावात वीसच जणांना भेटायचे असल्याने पथकाचे काम सगळीकडे सारखे राहते. या रीतीतली मला सगळ्यांत सुंदर वाटणारी गोष्ट ही.

पण बाजारगाव अडचण करते. त्याची लोकसंख्या उडीच्या अंतराहूनही मोठी आहे, त्यामुळे सुरुवातीचा अंक कोणताही असो, ते गाव निघतेच. आणि तो अंक २,८११ ते ३,०१० यांच्यात असेल तर ते दोनदा निघते. तेव्हा तिथून चाळीस माणसे घ्यावी लागतात आणि दुसरे गाव एकच उरते. उपाय असा की अशा अवाढव्य गावाचे वस्त्यांप्रमाणे आधीच भाग पाडून प्रत्येक भाग यादीत वेगळा लिहायचा, किंवा ते गाव हमखास निवडलेले धरून बाजूला काढायचे आणि उरलेल्या गावांसाठी बेरीज नव्याने मांडायची. उलट बाजूला बेचिराख गावे असतात. त्यांच्यापुढे लोकसंख्या शून्य, म्हणून चढती बेरीज हलत नाही आणि ती कधीच निघत नाहीत. जनगणनेनंतर तिथे लोक राहायला आले असतील, तर ते या पाहणीला दिसतच नाहीत.

लोकसंख्येचा आकडा जुना झाला की खरी परीक्षा सुरू होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने खेड्यांत गावे याच तत्त्वाने निवडली, पण हाताशी आकडे होते २०११ च्या जनगणनेचे. म्हणून निवडलेल्या गावात आधी घरोघर फिरून कुटुंबांची ताजी यादी केली आणि मग त्यातून २२ कुटुंबे घेतली.

आपल्या पिंपळगावात ताज्या यादीत १,८५० ऐवजी २,४०० माणसे सापडली, असे धरा. गाव निवडले गेले जुन्या आकड्याने, माणसे निवडायची आहेत नव्यातून, त्यामुळे तो उडून जाणारा आकडा आता उडत नाही. वीसच जणांना भेटलो, तर पिंपळगावचा प्रत्येक जण दोनशे नव्हे तर सुमारे २६० जणांच्या वतीने बोलतो, आणि सरासरी काढताना त्याच्या उत्तराला तेवढे वजन द्यावे लागते. वजनांची कटकट नको असेल तर दुसरा मार्ग आहे. माणसांची संख्या वीस अशी न बांधता साडेब्याण्णवात एक हे जुने प्रमाण धरायचे आणि २,४०० मधून २६ जणांना भेटायचे. पथकाला सहा घरे जास्त फिरावी लागतील, पण दोनशेत एक हा हिशेब जागेवर राहील. यांपैकी काहीही न करता वीस उत्तरांची साधी सरासरी घेतली, तर वाढलेल्या गावातल्या माणसांचा आवाज बारीक होतो, आणि छापलेल्या आकड्यावरून ते कुणालाच कळत नाही.