पाचशे बाराचं कार्ड, बत्तीसची जागा

निन्टेंडो स्विचवर जुने दोन गेम झकास चालतात आणि नव्याने उतरवलेला तिसरा मात्र ठरावीक जागी येऊन गोठतो. असं झालं की माझा संशय कन्सोलवर जात नाही, मागच्या स्टँडखाली खोचलेल्या मायक्रोएसडी कार्डावर जातो. 2017 च्या मूळ स्विचमध्ये स्वतःची साठवण अवघी 32 जीबी, आणि त्यातलीही काही यंत्रणेनेच अडवलेली. दोन मोठे गेम घेतले की कार्ड आणावंच लागतं. आणि मग कुठेतरी 512 जीबीचं कार्ड नेहमीच्या पाव किमतीत मिळतं.

कार्डाच्या पोटात साठवणीची चिप असते आणि तिचा कारभार पाहणारा एक छोटा कंट्रोलर असतो. ‘माझ्यात जागा किती’ हे कन्सोलला सांगायचं काम त्या कंट्रोलरचं. फसवणारे तिथेच हात घालतात. चिप 32 जीबीची ठेवतात आणि कंट्रोलरला 512 म्हणायला शिकवतात. कार्ड नव्याने फॉरमॅट केलं तरी तो 512 च म्हणत राहतो, कारण फॉरमॅट करताना कन्सोलही त्याच्याच शब्दावर विसंबतो.

आता हिशेब मांडू. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ सुमारे 14 जीबी, ‘मारिओ कार्ट 8 डिलक्स’ सुमारे 7. एकवीस झाले, दोन्ही खऱ्या जागेत मावले, दोन्ही बिनतक्रार चालतात. मग ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ येतो, सुमारे 16 जीबीचा. त्याचा पहिला अर्धा भाग खऱ्या चिपवर बसतो. उरलेला यायला लागतो तेव्हा कंट्रोलर प्रत्येक वेळी ‘लिहिलं’ म्हणून मान डोलावतो, पण लिहायला जागाच नसते. काही कार्डं तो भाग सरळ टाकून देतात. काही पुन्हा सुरुवातीला येऊन जुन्या मजकुरावरच लिहितात, आणि मग काल चालणारा मारिओ आज उघडत नाही.

डाउनलोड कधी मध्येच अडकतं, पण पुष्कळदा ते पूर्ण झाल्यासारखं दिसतं. फायलींची नावं आणि आकार यांची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे खऱ्या जागेत राहते. ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुस्तक आहे आणि फळी रिकामी, असा हा प्रकार. गेम सुरू होतो, कारण सुरुवातीला लागणारा भाग शाबूत असतो. हरवलेला तुकडा मागितला की पडदा थिजतो किंवा चूक दाखवून गेम बंद पडतो.

गेमच्या चित्रावर + दाबून Manage Software मध्ये गेलं की Check for Corrupt Data ही सोय आहे. ती बिघाड दाखवते आणि गेम पुन्हा उतरवायला सांगते. पण तो उतरतो त्याच कार्डावर, म्हणून दोन दिवसांनी तेच रडगाणं. त्यापेक्षा कन्सोल पूर्ण बंद करून कार्ड काढावं आणि तोच गेम कन्सोलच्या स्वतःच्या साठवणीत उतरवावा. तिथे तो सुरळीत चालला, तर दोष बहुधा कार्डाचा. अर्थात कार्ड अस्सल असूनही झिजलेलं असू शकतं, म्हणून पुढची तपासणी संगणकावर करायची.

विंडोजवर त्यासाठी H2testw हा फुकट प्रोग्रॅम वापरतात. लिनक्स आणि मॅकवर F3 आहे. दोन्ही कार्डाची मोकळी जागा ओळखीच्या मजकुराने भरतात आणि तो परत वाचून ताडून पाहतात. फक्त मोकळी जागाच तपासली जाते, म्हणून कार्ड आधी रिकामं करावं. वेळ मात्र लागतो: सेकंदाला 20 एमबी वेग धरला तर 512 जीबी लिहायलाच सात तास, वाचायचे वेगळे. रात्री लावून झोपावं. आपल्या उदाहरणातलं कार्ड असेल तर सकाळी साधारण असा निकाल दिसेल:

```
The media is likely to be defective.
29.1 GByte OK
447.7 GByte DATA LOST
```

दोन्ही आकड्यांची बेरीज 476 च्या आसपास येते, 512 नाही, म्हणून दचकू नका. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, संगणक 1024 च्या, त्यामुळे अस्सल कार्डही विंडोजवर 476 च दाखवतं. फसवणूक आहे ती दुसऱ्या ओळीतल्या 29 मध्ये. शिवाय असं कार्ड खिडकीत जोडून नुसता आकडा बघणं व्यर्थ आहे. तो आकडा कंट्रोलरच पुरवतो.

निकालाचं चित्र काढून ठेवा, विक्रेत्याशी भांडताना ते कामी येतं. 29 जीबीपुरतं कार्ड वापरायची युक्ती तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण अशा कार्डातली चिपही बहुतेक वेळा हलक्या प्रतीची असते, त्यामुळे मी त्या वाटेला जाणार नाही. जुन्या कार्डावरून नव्यावर नक्कल करण्यातही अर्थ नाही, फाटका मजकूरच पुढे जाईल. विकत घेतलेले गेम त्याच खात्यातून पुन्हा फुकट उतरतात. आणि खेळात जिथवर पोचलात ती नोंद स्विच कार्डावर ठेवतच नाही, कन्सोलच्या आत ठेवतो, त्यामुळे शंभर तासांची मेहनत जागेवर असते. जातात ती कार्डावर साठवलेली पडद्याची चित्रं आणि चित्रफिती.