बाबांचं दुसरं डिमॅट खातं

गेल्या मार्चमध्ये बाबांनी एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "हे बघ रे जरा. मी काही घेतलंही नाही, विकलंही नाही, तरी पैसे कसले मागतायत?" आत डिमॅट खात्याच्या थकबाकीचं पत्र होतं, ३,६११ रुपयांचं.

हे खातं २००७ साली दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून उघडलेलं. त्याचं वार्षिक शुल्क ७५० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८८५. पूर्वी ते जोडलेल्या बचत खात्यातून आपोआप वळतं व्हायचं. निवृत्तीनंतर बाबांनी ते बचत खातं बंद केलं आणि शुल्क साचत गेलं. तीन वर्षांचे २,६५५ आणि उशिराबद्दल १८ टक्के दराने ९५६ रुपये व्याज. व्यवहार केला नाही म्हणून डिमॅटचं शुल्क थांबत नाही. ते शेअर सांभाळण्याचं भाडं असतं.

बाबांचं दुसरंही खातं आहे. २०२१ मध्ये एका आयपीओसाठी मीच मोबाइलवर उघडून दिलेलं. त्याचं शुल्क जीएसटी धरून ३५४. म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला १,२३९ रुपये. जुन्या खात्यात सुमारे १ लाख १० हजारांचे शेअर, नव्यात २ लाख ३० हजारांचे. एवढ्या रकमेसाठी खरं तर काहीच शुल्क पडायला नको, कारण सेबीने अशा लहान गुंतवणूकदारांसाठी बेसिक सर्व्हिसेस डिमॅट अकाउंट, म्हणजे बीएसडीए ठेवलेलं आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून त्याची मर्यादा वाढली. खात्यातल्या शेअर-रोख्यांची किंमत ४ लाखांपर्यंत असेल तर वार्षिक शुल्क शून्य, ४ ते १० लाखांपर्यंत १०० रुपये, त्यापुढे नेहमीचं शुल्क.

मी लगेच नव्या खात्यासाठी अर्ज केला आणि तो परत आला. चूक माझीच होती. बीएसडीए मिळतं ते ज्याच्या नावावर एकटा किंवा पहिला धारक म्हणून एकच डिमॅट खातं आहे त्यालाच, आणि हे पॅनवरून तपासलं जातं. बाबांची दोन होती. आईच्या खात्यात बाबा दुसरे धारक आहेत, त्याची मात्र अडचण नव्हती. म्हणजे क्रम ठरला: आधी जुन्याची थकबाकी, मग जुनं बंद, मग नव्याला बीएसडीए.

आपल्या घरात कोणाची किती खाती आहेत हे आठवत बसू नका. डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारं एकत्रित स्टेटमेंट, ज्याला कॅस म्हणतात, ते उघडा. एका पॅनवरची सगळी डिमॅट खाती त्यात दिसतात. एनएसडीएलच्या खात्याचा क्रमांक `IN` ने सुरू होतो, सीडीएसएलचा नुसता सोळा आकडी असतो.

खातं बंद करायचं म्हणून आतले शेअर विकायची गरज नसते. बाबा तेच करायला निघाले होते. विक्री केली तर दलाली आणि नफ्यावरचा कर आला. त्याऐवजी बंद करण्याच्या अर्जातच 'शेअर माझ्या दुसऱ्या खात्यात हलवा' असा पर्याय असतो. दोन्ही खात्यांतले धारक तेच आणि त्याच क्रमाने असतील, तर या हलवण्याला शुल्क लागत नाही. खातं बंद करण्यालाही लागत नाही. आपलेच शेअर आपल्याच खात्यात जातात, म्हणून ती विक्रीही नाही.

अर्जाबरोबर नव्या खात्याचा क्लायंट मास्टर रिपोर्ट लागतो, तो नव्या ब्रोकरकडून सही-शिक्क्यासह मागवायचा. जुन्या खात्याचं न वापरलेलं डिलिव्हरी स्लिपचं पुस्तकही परत करायचं. आमचं ते देवघराच्या कपाटात सापडलं.

अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा सहीमुळे. २००७ सालची बाबांची सही आणि आजची थरथरती सही यांत बराच फरक होता. शाखेत ओळखपत्र घेऊन जाऊन सही बदलण्याचा फॉर्म भरावा लागला. दुसऱ्यांदा कारण होतं 'थकबाकी शिल्लक'. मी पत्रातले ३,६११ रुपये पूर्ण भरले होते, पण ते पत्राच्या तारखेपासून सहा दिवसांनी. २,६५५ वर १८ टक्क्यांनी रोज सव्वा रुपयाच्या थोडं वर व्याज चढतं. सहा दिवसांचे ७ रुपये ८६ पैसे राहिले आणि तेवढ्यावर अर्ज अडला. मग मी अर्ज देण्याच्या तारखेपर्यंतची नेमकी रक्कम ईमेलवर लेखी मागवली, २० रुपये जास्तच भरले, आणि लेजरची प्रत हाती घेऊनच अर्ज दिला.

खात्यात एक बाजारातून बाहेर गेलेली कंपनीही होती. तिचे शेअर विकता येत नाहीत, पण तिचा आयएसआयएन चालू असल्यामुळे ते हलले. तो गोठवलेला असता तर खातं रिकामं झालं नसतं, आणि रिकामं झाल्याशिवाय खातं बंद होत नाही. म्हणून अर्जाआधीच असा शेअर आहे का, काही गहाण आहे का, हे होल्डिंग स्टेटमेंटमध्ये बघून घ्यावं.

अजून एक काम अर्जाआधीच करून ठेवा. खातं बंद झालं की लॉगिनही जातं, आणि शेअरबरोबर खरेदीची किंमत नव्या खात्यात येत नाही. मी सगळे जुने कॉन्ट्रॅक्ट नोट आणि लेजर उतरवून घेतले, आणि नव्या ॲपमध्ये तारीख-किंमत हाताने भरली. बाबांची बहुतेक खरेदी ३१ जानेवारी २०१८ च्या आधीची आहे. अशा शेअरच्या करात त्या दिवसाचा बाजारभाव हिशोबात धरता येतो, पण खरेदी कधीची हे दाखवायला कागद हवा.

अर्ज स्वीकारल्यानंतर अकरा दिवसांनी जुनं खातं बंद झाल्याचं पत्र आलं. एप्रिलचं नवं शुल्क लागण्याआधी हे उरकलं हे बरं झालं. शुल्क आगाऊ घेतलेलं असेल, तर उरलेल्या तिमाहींचे पैसे परत मिळतात, पण ते मागावे लागतात. कारण नसताना कुणी अर्ज दाबून ठेवला, तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करा आणि मग सेबीच्या स्कोअर्सवर. तिथे त्यांना २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पुढच्या महिन्याच्या कॅसमध्ये एकच खातं दिसल्यावर मी बीएसडीएचा अर्ज पुन्हा केला. या वेळी तो ॲपमध्येच, ई-सहीने झाला. आता सगळे मिळून ३ लाख ४० हजार आहेत, म्हणून शुल्क शून्य. बाजार वर गेला आणि आकडा ४ लाखांपुढे सरकला, तर वर्षाला १०० रुपये. स्टेटमेंट ईमेलवर फुकट येतं, कागदावर हवं असेल तर पैसे पडतात. बाबांना कागदच हवा असतो, म्हणून मी ते छापून देतो.

परवा त्यांनी पहिला छापील कागद घेतला, चष्मा लावला, शुल्काच्या रकान्यातलं शून्य बोटाने दाखवलं आणि म्हणाले, "हे आधी सांगायला कुणी नव्हतं रे." मग आईला हाक मारली आणि तिच्या खात्याचं पाकीट शोधायला लावलं.